यादीत नाव आहे, नंबर नाही

माजी विद्यार्थ्यांची वेबसाइट काढायची म्हटलं की सगळ्यात आधी काय जन्माला येतं तर एक एक्सेल शीट. डोमेनचं नाव ठरायच्या आधी, लोगोवरून भांडणं व्हायच्या आधी, कुणीतरी उत्साही माणूस शीट बनवून ग्रुपवर टाकतो आणि खाली लिहितो, "सगळ्यांनी आपापली माहिती भरा रे पटापट." आमच्याकडेही तेच झालं. कॉलम होते नाव, लग्नाआधीचं आडनाव, बॅच, तुकडी, जन्मतारीख, रक्तगट, नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव, मुलं किती, मोबाइल, ईमेल, घरचा पत्ता, नोकरी-धंदा, हुद्दा. आणि गंमत म्हणजे लोकांनी भरलं की सगळं, कारण समोर रिकामा चौकोन दिसला की आपण भरतो, तो कशाला हवाय हे विचारत नाही. मला ही शीट मिळाली ती "तू कॉम्प्युटरवाली ना, मग एवढं वेबसाइटवर चढवून दे" या निरोपासकट.

मी चढवायच्या आधी एकेक कॉलम घेऊन विचारत बसले, हा कशाला? रक्तगट कशाला? तर म्हणे कधी गरज पडली तर. बरं, गरज पडली तर माणूस रक्तपेढीत फोन करणार की आपल्या वेबसाइटवर लॉगिन करून पासवर्ड विसरलात का वर क्लिक करत बसणार? गेला रक्तगट. मुलं किती? उत्तर नाही, गेलं. असं करत करत निम्मी शीट उडाली आणि मी समितीत नावडती झाले. पण जे तीन-चार कॉलम उरले तेच खरे अवघड होते, कारण ते उपयोगाचेही होते आणि धोक्याचेही. हा लेख त्या उरलेल्या कॉलमांबद्दल आहे.

लग्नाआधीचं आडनाव घ्या. शाळेच्या डिरेक्टरीत हे लागतंच, त्याला पर्याय नाही. वर्गात जी ज्या नावाने माहीत होती त्याच नावाने तिला शोधणार ना लोक, आजचं नाव कुणाला ठाऊक असणार? पण बँका आणि ईमेल कंपन्या वर्षानुवर्षं ओळख पटवायला काय विचारत आल्यात? आईचं लग्नाआधीचं आडनाव काय, पहिली शाळा कुठली, जन्मतारीख काय, लहानपणीचा जिवलग मित्र कोण. म्हणजे आमची डिरेक्टरी ही या प्रश्नांची छापील उत्तरपत्रिकाच झाली की! आणि आईचं आडनाव म्हटल्यावर आमच्या वयाच्या बायका त्यात नुसत्या स्वतःच अडकत नाहीत, त्यांची आता मोठी झालेली मुलंही अडकतात, ज्यांचा आमच्या शाळेशी काडीचा संबंध नाही.

हे उगाच घाबरवणं नाही. 2008 साली अमेरिकेत सेरा पेलिन उपाध्यक्षपदाची निवडणूक लढवत होत्या तेव्हा त्यांचं याहूचं ईमेल खातं एका कॉलेजच्या पोराने उघडलं. त्याने पासवर्ड फोडला वगैरे नाही, नुसतं "पासवर्ड विसरलो" वर क्लिक केलं. मग जन्मतारीख विचारली, ती नेटवर होती. पोस्टाचा कोड विचारला, तो अंदाजाने जमला. आणि मग सुरक्षेचा प्रश्न आला, तुमची आणि तुमच्या नवऱ्याची ओळख कुठे झाली? उत्तर होतं त्यांची शाळा, वॅसिला हायस्कूल. झालं, खातं उघडलं. हे सगळे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी पडलेले होते, त्याने ते गोळा केले. शाळेची डिरेक्टरी काय करते तर हे गोळा करायचे कष्टच वाचवते.

आता जन्मतारीख. समितीतल्या एकाने सुचवलं की फक्त दिवस आणि महिना दाखवू, वर्ष लपवू, म्हणजे वाढदिवसाच्या शुभेच्छाही देता येतील आणि प्रायव्हसीही राहील. ऐकायला छान वाटतं. पण बाबा रे, शेजारच्याच कॉलममध्ये बॅच लिहिलीय! एका बॅचची बहुतेक पोरं साधारण वर्षभराच्या अंतरात जन्मलेली असतात, म्हणजे बॅचचं वर्ष कळलं की जन्मसाल जवळजवळ कळलंच, फार तर एक वर्ष इकडेतिकडे. फेसबुकवर वर्ष लपवलं तर त्याला थोडा तरी अर्थ असतो, शाळेच्या साइटवर शून्य. शेवटी आम्ही वाढदिवस फक्त महिन्यावर आणला, "या महिन्यात वाढदिवस असलेले" अशी नावं, आणि तीसुद्धा ज्यांनी स्वतः हो म्हटलंय त्यांचीच. तारीख साठवतच नाही. जे साठवलंच नाही ते चोरीला जात नाही आणि त्यासाठी मला रात्री जागरणही होत नाही.

इथपर्यंत आलं की ठरलेलं वाक्य येतं, "अगं पण आपलीच माणसं आहेत ना सगळी, आपल्यापासून काय लपवायचं?" हे वाक्य वाईट मनाने कुणी म्हणत नाही, उलट प्रेमानेच म्हणतात. पण आपली माणसं म्हणजे नेमकी कोण? तीस-पस्तीस वर्षांच्या सगळ्या बॅच धरल्या तर काही हजार लोक होतात, त्यातले आपल्याला नावाने ओळखणारे शंभर-दीडशे. बाकीचे अनोळखीच की, फक्त एकाच गेटातून आत गेलेले. आणि ओळखीचे आहेत म्हणून सुरक्षित असंही काही नाही. आमच्यातल्या एकीने मला वेगळा फोन करून सांगितलं की माझं नाव राहू दे पण नंबर आणि शहर कुठेही दिसता कामा नये, शाळेत असताना एकजण मागे लागला होता, कॉलेजातही पाठलाग करायचा, आणि तो आपल्याच बॅचचा आहे, तो लॉगिन करून येणारच आहे. लॉगिन ही तिच्यासाठी भिंत नव्हतीच, कारण ज्याच्यापासून लपायचं तो आतलाच. त्या फोननंतर मी "सदस्यांनाच दिसेल" हा शब्दप्रयोग प्रायव्हसी म्हणून खपवून घेणं सोडून दिलं.

आतल्या माणसाचं अजून एक जगप्रसिद्ध उदाहरण आहेच. 2003 मध्ये हार्वर्डच्या होस्टेलांच्या स्वतःच्या ऑनलाइन फोटो-डिरेक्टऱ्या होत्या, विद्यार्थ्यांना एकमेकांची ओळख व्हावी म्हणून. त्यातून मार्क झुकरबर्गने फोटो उचलले आणि दोघांचे फोटो शेजारीशेजारी ठेवून कोण जास्त दिसायला बरं असं मत द्यायची साइट काढली, फेसमॅश नावाची. कॉलेजने ती लगेच बंद पाडली आणि त्याला समोर बोलावलं. तो काही बाहेरचा चोर नव्हता, तिथलाच विद्यार्थी होता.

बरं, तर आता खुद्द साइट. आम्ही एक तयार डिरेक्टरीचं सॉफ्टवेअर घेतलं, नाव सांगत नाही, अशी डझनावारी आहेत आणि बऱ्याच जणांत हीच गोम सापडते. त्यात प्रत्येक सदस्याला "माझा नंबर दाखवू नका" अशी टिक करायची सोय होती. टिक केली, पानावर नंबर गायब. समिती खूश. मी सवयीने ब्राउझरमध्ये F12 दाबलं, नेटवर्कचा टॅब उघडला आणि पान परत लोड केलं. तिथे सर्व्हरकडून आलेलं उत्तर जसंच्या तसं दिसतं, आणि ते असं होतं:

```
{ "id": 214,
  "name": "...",
  "phone": "98XXXXXXXX",
  "show_phone": false }
```

बघितलंत? नंबर आलाय, आणि त्याच्याखाली चिठ्ठी आलीय की हा दाखवू नका. म्हणजे सर्व्हरने नंबर सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर पाठवला आणि झाकायचं काम ब्राउझरवर सोपवलं. ज्याला एक बटण दाबता येतं त्याला सगळ्यांचे लपवलेले नंबर दिसणार, उलट ज्यांनी मुद्दाम लपवलेत त्यांचे नेमके कुठले हेही कळणार. हे तपासायला प्रोग्रॅमर असावं लागत नाही. तुमच्या ग्रुपच्या साइटवर एखाद्या मित्राला नंबर लपवायला सांगा, मग तुम्ही तुमच्या लॉगिनमधून त्याचं पान उघडा, F12, नेटवर्क, पान रिफ्रेश, आणि त्या ढिगाऱ्यात त्याचा नंबर शोधा. सापडला तर लपवलेला नाही, नुसता झाकलेला आहे. यावरचा उपाय एकच, जे बघायची परवानगी नाही ते सर्व्हरने पाठवायचंच नाही. phone नावाची ओळच उत्तरात नको.

आणि तो id बघा, 214. पत्त्याच्या पट्टीत शेवटी 214 असेल तर 215 टाकून बघावंसं कुणालाही वाटेल. एकेक आकडा वाढवत गेलं की अख्खी डिरेक्टरी हाताला लागते, ते काम करायला दहा ओळींचा प्रोग्रॅम पुरतो. यावर लोक सांगतात की आकड्याऐवजी लांबलचक ओळखता न येणारा कोड ठेवा. ठेवा, चांगलंच आहे, पण ते पुरेसं नाही, प्रत्येक वेळी सर्व्हरने विचारायलाच हवं की मागणारा कोण आणि त्याला हे बघायचा हक्क आहे का, आणि कुणी पाच मिनिटांत दोनशे प्रोफाइलं उघडत असेल तर तो जुन्या आठवणीत रमलेला नाही हे समजून त्याला थांबवायला हवं.

हे दुरुस्त करून घेतलं. मग मला वाटलं सर्चही बघून घेऊ, आणि तिथे जे सापडलं ते खरं तर मला जास्त आवडलं, म्हणजे वाईट अर्थाने आवडलं. नंबर आता कुठेही येत नव्हता, पण सर्चच्या चौकोनात नाव टाकलं आणि सोबत नंबरचे आकडे टाकले तर सर्च ते त्या लपवलेल्या नंबरशीही सुरुवातीपासून जुळवून बघत होता. म्हणजे काय होतं बघा. समजा नंबर दहा आकडी आहे. मी मैत्रिणीचं नाव टाकलं आणि पुढे 1 टाकला, उत्तर आलं "कुणी सापडलं नाही". 2 टाकला, नाही. असं करत 9 ला ती सापडली. म्हणजे नंबर 9 ने सुरू होतो. आता 90, 91, 92... दुसरा आकडा मिळाला. एकेका आकड्याला जास्तीत जास्त दहा वेळा शोधायचं, दहा आकडे, म्हणजे शंभर सर्चमध्ये पूर्ण नंबर हातात, जिथे आंधळेपणाने शोधायचं तर एक हजार कोटी शक्यता होत्या. आणि पानावर एकही आकडा दिसलेला नाही! साइट खोटंही बोलली नाही, ती फक्त "सापडली" आणि "नाही सापडली" एवढंच सांगत होती.

असंच क्रमवारीचं असतं. यादी जन्मतारखेप्रमाणे लावायचं बटण असेल आणि माझी तारीख लपवलेली असेल, तरी माझ्या वरच्याने आणि खालच्याने दाखवलेली असली की मी त्या दोघांच्या मधली हे कळलंच. म्हणून नियम असा केला की जे दाखवायचं नाही त्यात शोधायचंही नाही आणि त्यावरून रांगही लावायची नाही. एकच अपवाद ठेवला, लग्नाआधीचं आडनाव. ते शोधता येतं पण पूर्णच टाकावं लागतं, अर्धं टाकून नाही, आणि बॅचही सोबत द्यावी लागते. ज्याला ती खरंच आठवतेय त्याला हे दोन्ही माहीत असतं. अर्थात जिला हा अपवादही नको ती तो बंद करू शकते. उत्तरात मात्र आजचं नाव येत नाही, फक्त "या नावाची सदस्य आहे, निरोप पाठवायचा का?" एवढंच येतं.

आणि हा निरोपच शेवटी सगळ्या साइटचा गाभा झाला. कारण विचार केला तर लोकांना यादी कशाला हवी असते? कुणीही हजार नंबर घेऊन बसत नाही. त्यांना एक माणूस हवा असतो. मग त्या माणसापर्यंत गोष्ट पोचवायची सोय करा, नंबर त्याला द्यावासा वाटला तर तो देईल. ग्रुपवर कुणी विचारलं "तिचा नंबर आहे का कुणाकडे" तर समजूतदार माणूस काय करतो, नंबर फेकत नाही, तिला विचारतो की अमका तुझा नंबर मागतोय, देऊ का. साइटने तेवढंच करायचं.

पण हे वाटतं तितकं सरळ नाही, यात पायात पाय अडकायच्या बऱ्याच जागा आहेत. साइट जो ईमेल पाठवते तो साइटच्याच पत्त्यावरून जायला हवा. पाठवणाऱ्याचा ईमेल पत्ता प्रेषक म्हणून टाकला तर समोरची ईमेल सेवा म्हणते की हा पत्ता ज्या डोमेनचा आहे तिथून हा मेल आलेलाच नाही, आणि तो स्पॅममध्ये जातो किंवा परतच येतो. मग काहीजण काय करतात, प्रेषक साइट ठेवतात पण Reply-To मध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता घालतात, म्हणजे उत्तर थेट त्याला जावं. इथेच घोळ आहे. तिने नुसतं "मला संपर्क नकोय, कृपया परत लिहू नका" असं उत्तर द्यायला रिप्लाय दाबला की तिचा खरा ईमेल पत्ता त्याच्याकडे गेला, आणि खाली ऑफिसची सही आपोआप जोडलेली असेल तर हुद्दा, फोन आणि ऑफिसचा पत्तापण गेला. नको म्हणताना सगळं देऊन बसली बिचारी. म्हणून आमच्या मेलमध्ये रिप्लाय चालत नाही, उत्तर द्यायचं तर मेलमधली लिंक उघडून साइटवरच लिहायचं, आणि दुसरी लिंक असते "या व्यक्तीचे निरोप नकोत". ती दाबली की पाठवणाऱ्याला काहीही कळत नाही. त्याला पहिल्यापासून एवढंच दिसतं की निरोप पाठवला. पोचला, वाचला, निळ्या टिका, काही नाही. एकदोघांनी तक्रार केली की वाचलं की नाही ते कळायला हवं. मी म्हटलं नाही कळणार. गप्प राहायचा हक्क द्यायचा तर त्या गप्प राहण्याला दहा कारणं असू शकली पाहिजेत, मेल स्पॅममध्ये गेला असेल हेही त्यातलंच एक.

दिवसाला किती निरोप पाठवता येतील यालाही मर्यादा आहे. ही मर्यादा पाठलाग करणाऱ्यांसाठी कमी आणि काहीतरी विकणाऱ्यांसाठी जास्त लागली, कारण शाळेची मैत्री आठवून पॉलिसी विकायला येणारा वर्गमित्र प्रत्येक बॅचमध्ये किमान एक असतोच, आणि तो मनाने वाईट नसतो हीच अडचण.

आता न आलेल्यांचं. प्रत्येक माजी विद्यार्थी मंडळाला एक पान हवंच असतं, "हे मित्र सापडत नाहीत, कुणाला माहीत असल्यास कळवा". जुन्या हजेरीपटावरून नावं काढली, त्यापुढे वडलांचं नाव, शेवटचं माहीत असलेलं गाव, कुणाला आठवलं म्हणून "लग्नानंतर बहुतेक परदेशी" अशी टीप, आणि हे सगळं लॉगिनच्या बाहेर, कारण जास्त लोकांनी बघावं म्हणून! समितीचा या पानावर फार जीव होता. माझा सगळ्यात जास्त विरोध याच पानाला झाला आणि सगळ्यात जास्त आवाजही इथेच चढले. सदस्य झालेल्या माणसाने निदान एक फॉर्म भरलेला असतो, कुठेतरी टिक केलेली असते. हे लोक तर साइटचं नावही न ऐकलेले. त्यातला एखादा कर्जाला कंटाळून गाव सोडून गेलेला असेल, एखादी मारहाण करणाऱ्या नवऱ्याला सोडून नाव बदलून राहत असेल, आणि बऱ्याच जणांना शाळा नुसती नकोशी असेल, शाळेतले दिवस सगळ्यांचेच काही सोनेरी नसतात. त्यांना आम्ही हरवलेले म्हणतोय पण ते हरवलेले नसतात, ते त्यांच्या घरी नीट बसलेले असतात.

एकाने मधला मार्ग काढला, पान ठेवू पण गूगलमध्ये येऊ देऊ नको, robots.txt मध्ये टाक. म्हणजे असं:

```
User-agent: *
Disallow: /missing/
```

हा सल्ला इतका जिथेतिथे मिळतो की जरा सविस्तर सांगते. ही फाइल म्हणजे कुलूप नाही, दारावर लावलेली "कृपया आत येऊ नये" अशी पाटी आहे. सभ्य सर्च इंजिनं ती पाळतात, डेटा गोळा करत फिरणारे पाळतीलच असं नाही. वर ही फाइल स्वतः सगळ्यांना उघडी असते, म्हणजे आपणच सांगतोय की लपवायचं पान इथे आहे. आणि गूगलने ते पान वाचलं नाही तरी दुसऱ्या कुणी त्याची लिंक दिली असेल तर नुसता पत्ता यादीत येऊ शकतो. त्याला खरंच बाहेर ठेवायचं तर पानावर noindex लिहावं लागतं, पण ते वाचायला गूगलला आत तर यावं लागेल, आणि आपण दारावरच पाटी लावलीय, म्हणजे दोन्ही एकत्र केलं तर noindex कुणी वाचतच नाही. लॉगिनच्या मागे ठेवणं हाच निदान बाहेरच्यांसाठी खरा अडसर, बाकी सगळी पाट्यांची कामं.

पान शेवटी रद्द झालं. आता प्रत्येक बॅचचा एक माणूस आपल्या वर्गातल्यांना विचारतो की अमका कुणाच्या संपर्कात आहे का, असेल तर नंबर आम्हाला देऊ नका, आमची लिंक त्याला द्या. यायचं तर तो येईल. हे हळू चालतं, यादीसारखं झटपट नाही, आणि काही लोक कधीच येणार नाहीत.

जे येतात ते खरेच आपले का, हाही प्रश्न असतोच. आधी फॉर्मवर विचारायचो की वर्गशिक्षकांचं नाव काय. पण साइटच्या पहिल्याच पानावर ग्रुप फोटो होते, खाली वर्गशिक्षकांच्या नावासकट! आता बॅचच्या दोघांनी हमी द्यावी लागते, आणि हमी म्हणजे नुसतं बटण दाबणं नाही, फोनवर बोलून आवाज ओळखून.

कार्यक्रमाच्या पानांचं थोडक्यात सांगते. स्नेहसंमेलन, तारीख, ठिकाण हे उघडं ठेवायला हरकत नाही. भानगड असते "कोण कोण येणार" या यादीत, कारण नाव आणि तारीख एकत्र आली की त्या रात्री कुणाची घरं रिकामी आहेत याचीही ती यादी होते, शिवाय कुणाला कुणाचं तोंड बघायचं नसतं. म्हणून आकडा सगळ्यांना दिसतो, इतके येणार आहेत म्हणून, नावं मात्र फक्त ज्यांनी दाखवा म्हटलंय त्यांची. "येणार नाही" आणि "बघतो" ही उत्तरं कुणालाच दिसत नाहीत, आयोजकांनाही नुसता आकडा. न येण्याचं कारण विचारणारा चौकोन होता तो मी काढून टाकला, कारण त्यात लोकांनी आजारपणं, घटस्फोट, पैशाची ओढाताण काय काय लिहिलं असतं आणि ते वाचणार कोण, तर ज्याच्याकडे खुर्च्या मोजायचं काम आहे तो. कार्यक्रमानंतरचे फोटो चढवताना त्यातली ठिकाणाची माहिती सर्व्हरवरच पुसली जाते, कारण मोबाइलच्या फोटोत लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश आत बसलेले असतात आणि कार्यक्रमानंतर कुणाच्या घरी रंगलेल्या गप्पांचा फोटो म्हणजे त्याच्या घराचा नकाशा. आणि आमंत्रणाचा मेल! तो बीसीसीत जायला हवा हे सगळ्यांना माहीत असतं, तरी एक दिवस कुणीतरी स्वतःच्या मेलमधून चारशे पत्ते सीसीत टाकून पाठवतोच, आणि गेलेला मेल चारशे इनबॉक्समधून परत आणायला काही उपाय नाही.

म्हणजे शेवटी गळती कुठून होते तर हॅकरकडून क्वचित, बहुतेक वेळा समितीच्या लॅपटॉपवरून. "डाउनलोड एक्सेल" हे बटण. मी ते काढलं तर कार्यक्रमाची तयारी करणारे म्हणाले आम्हाला बॅजवर नावं छापायचीत. बरोबर आहे, मग बॅजसाठी नाव आणि बॅच एवढंच देणारं वेगळं बटण करून दिलं, त्यात नंबर येतच नाही. पूर्ण यादी उतरवणं फार क्वचित लागतं, ते दोघांच्या परवानगीने होतं आणि प्रत्येक वेळी उतरवलेल्या यादीत एक खोटा सदस्य घालतो, त्याचं नाव आणि ईमेल पत्ता त्या यादीपुरताच बनवलेला. त्या पत्त्यावर कधी प्लॉटची जाहिरात आली तर कुठली यादी फुटली ते कळतं. कुणी फोडली हे सिद्ध होत नाही, पण यादी कुणाकडे होती ते माहीत असतं.

सध्या वाद चालू आहे तो बाहेर पडणाऱ्यांचा. कुणी म्हटलं माझं नाव काढा, की आम्ही त्याच दिवशी काढतो. पण साइटचा रोज बॅकअप होतो आणि तो 30 दिवस ठेवतो, म्हणजे माणूस साइटवरून गेला तरी महिनाभर बॅकअपमध्ये असतोच, आणि मधेच साइट बिघडून बॅकअपवरून उभी करावी लागली तर सोडून गेलेले सगळे परत जिवंत होऊन यादीत बसणार. म्हणून गेलेल्यांच्या आयडींची एक वेगळी छोटी यादी ठेवलीय, नावं नाहीत, नुसते आकडे, बॅकअप लावला की लगेच ती चालवायची आणि ते परत पुसायचे. हे सगळं मी निरोपाच्या मेलमध्ये सरळ लिहिते, "तुमची माहिती आज साइटवरून काढली, बॅकअपमधून 30 दिवसांनी जाईल". खजिनदाराचं म्हणणं आहे की एवढं कशाला सांगायचं, लोक उगाच घाबरतात, नुसतं "काढली" म्हण. तो मुद्दा पुढच्या मीटिंगमध्ये आहे, आणि खजिनदाराच्या बाजूने आत्तापर्यंत तिघं आहेत.